होस्ट बंद पडल्यावर हिशेब पुन्हा उभा करताना

लहान ऑफिसात टॅलीचा सर्व्हर पुष्कळदा स्वतंत्र यंत्र नसतो. एका संगणकावर, म्हणजे होस्टवर, हायपर-व्ही चालते आणि त्याच्या आत हा सर्व्हर गेस्ट म्हणून राहतो. गेस्ट म्हणजे शेवटी होस्टच्या डिस्कवरच्या काही मोठ्या फाइली. त्यामुळेच तो दुसऱ्या यंत्रावर नेता येतो, आणि डिस्क गेली की तोही जातो. चेकपॉइंटही त्याच डिस्कवर असतात आणि मूळ फाइलीविना निरुपयोगी ठरतात. त्यांनाच बॅकअप समजणे फार महागात पडते.

आधी दोन गोष्टी ठरवाव्यात: किती वेळच्या नोंदी पुन्हा कराव्या लागल्या तर चालेल, आणि काम किती वेळ थांबले तर चालेल. समजा, उत्तरे अर्धा दिवस आणि तीन तास अशी आहेत. मग रात्री गेस्ट रीतसर बंद करून तो अख्खा बाहेरच्या डिस्कवर एक्सपोर्ट करायचा आणि दुपारी दीड वाजता फक्त कंपनीचा डेटा दुसऱ्या संगणकावर घ्यायचा. बाहेरच्या डिस्का दोन हव्यात आणि त्यांतली एक कायम ऑफिसाबाहेर, कारण जोडलेली डिस्क रॅन्समवेअरच्या तावडीतून सुटत नाही. एक्सपोर्टसाठी रोज नवा फोल्डर लागतो. त्याच नावाचा फोल्डर आधीच असेल तर एक्सपोर्ट होत नाही, आणि काम आपोआप चालणारे असेल तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून सकाळी फोल्डरची तारीख आणि आकार पाहावा.

आता बुधवारी दुपारी चारला होस्ट बंद पडला असे धरू. विंडोज ११ प्रो असलेल्या, पुरेशी मेमरी आणि रिकामी जागा असलेल्या संगणकावर हायपर-व्ही आधीच सुरू करून ठेवलेले असावे. १२० जीबीचा गेस्ट सेकंदाला १०० एमबी वेगाने उतरवायला वीस मिनिटे लागतात. इम्पोर्ट करताना व्हर्च्युअल स्विचचे नाव जुळले नाही, तर गेस्ट सुरू होतो पण नेटवर्कवर दिसत नाही. म्हणून दोन्हीकडे नाव एकच ठेवावे. टॅलीने परवाना पुन्हा मागितला, तर सिरियल नंबर आणि नोंदणीचा ईमेल लागतो. ते कागदावर लिहिलेले असावेत.

मग दुपारचा डेटा रिस्टोअर करायचा. दीड वाजता चिठ्ठीवर लिहून ठेवलेला शेवटचा व्हाउचर नंबर आणि ट्रायल बॅलन्सची बेरीज जुळली, तरच पुढे जायचे. त्यानंतरच्या अडीच तासांच्या नोंदी बिलांवरून पुन्हा घालायच्या. त्यासाठी त्या दिवसाची बिले रात्रीचा बॅकअप तपासेपर्यंत फाइलला लावू नयेत.

सर्वांत मोठा धोका होस्ट दुरुस्त होऊन आल्यावर असतो. तो सुरू होताच जुना गेस्ट आपोआप चालू झाला, तर एकाच पत्त्यावर दोन सर्व्हर येतात आणि नोंदी दोन वह्यांत विभागल्या जातात. म्हणून होस्ट नेटवर्कची केबल काढूनच सुरू करावा, जुन्या गेस्टचे आपोआप सुरू होणे बंद करावे, आणि कामाची वेळ संपल्यावर नवा गेस्ट एक्सपोर्ट करून परत होस्टवर आणावा.