‘माझ्या अकाउंटंटनं सांगितलं’ एवढ्यावर दंड सुटत नाही

दंडाची नोटीस हातात पडली की व्यापारी पहिला मसुदा स्वतःच लिहून आणतो. त्यात बहुतेक वेळा विनवणीच असते: धंदा मंदीत आहे, घरी आजारपण आहे, कृपया दंड माफ करावा. मी तो बाजूला ठेवून आधी कागद मागतो.

एका हार्डवेअर दुकानदाराचं प्रकरण घ्या. २०२२-२३ ची उलाढाल १ कोटी ८४ लाख. जुन्या अकाउंटंटनं सांगितलं, ‘ऑडिटची मर्यादा आता दहा कोटी झाली, तुम्हाला गरज नाही.’ दहा कोटींची मर्यादा खरी आहे, पण रोखीची जमा आणि रोखीचा खर्च दोन्ही पाच टक्क्यांच्या आत असतील तरच. या दुकानात रोख विक्रीच तीस टक्क्यांच्या आसपास होती आणि नफाही ठोक दरानं न दाखवता वह्यांप्रमाणे, त्याहून कमी दाखवला होता. म्हणजे एक कोटीची मर्यादा लागू. कर बरोबर भरला, रिटर्न जुलैतच गेलं, पण ३० सप्टेंबरपर्यंत ऑडिट अहवाल गेला नाही. कलम २७१ब नुसार दंड उलाढालीच्या अर्धा टक्का, म्हणजे ९२ हजार. (कमाल दीड लाख.)

इथं उपयोगी पडतं कलम २७३ब. चूक होण्यामागं वाजवी कारण होतं हे सिद्ध केलं, तर दंड लागत नाही. मात्र सिद्ध करण्याचा भार करदात्यावर असतो, म्हणून पत्राचा गाभा तारखांचा असतो. तो असा लिहिला:

‘दि. १२ जून २०२३ रोजी माझ्या तत्कालीन लेखापालांना ऑडिटबाबत विचारणा केली. त्यांचे लेखी उत्तर सोबत जोडले आहे. नव्या सनदी लेखापालांनी जानेवारी २०२४ मध्ये चूक निदर्शनास आणताच ऑडिट करून घेतले आणि अहवाल मार्च २०२४ मध्ये, आपली नोटीस येण्यापूर्वीच, दाखल केला. कराच्या रकमेत फरक पडलेला नाही.’

‘विचारणा केली’ हे वाक्य सगळ्यात मोलाचं, कारण त्यातून करदाता बेफिकीर नव्हता हे दिसतं. व्हॉट्सॲपवरचं उत्तर तारखेसकट छापून जोडायचं, सोबत फीची पावती. त्या अकाउंटंटचं प्रतिज्ञापत्र मिळालं तर उत्तमच, पण तो सहसा देत नाही. त्याच्यावर तोंडसुख घेणारी वाक्यं मी खोडतो. अधिकाऱ्याला त्याचा स्वभाव नको असतो, सल्ला काय दिला होता ते हवं असतं.

आधीच्या वर्षी याच दुकानाचं ऑडिट झालेलं असतं, तर हा खुलासा लंगडा पडला असता. नियम माहीत होता, असं अधिकारी म्हणाला असता आणि ते रास्त ठरलं असतं. उत्पन्नच कमी दाखवलं असेल, तर हा मार्गही बंद. तो दंड कलम २७०अ खालचा, त्याला २७३ब लागू नाही. तिथं खुलासा प्रामाणिक होता आणि सगळी माहिती उघड केली होती, हे त्याच कलमातल्या तरतुदीनुसार दाखवावं लागतं.