पुण्यात कायम वादळ दाखवणारा बॅरोमीटर

जुन्या बंगल्यांत, क्लबांत कधीकधी महोगनीच्या पेटीत बसवलेला उभा इंग्रजी बॅरोमीटर दिसतो. वरच्या पट्टीवर २७ ते ३१ इंचांच्या खुणा आणि शेजारी इंग्रजीत हवामानाचे शब्द असतात : २८ ला वादळ, २९ ला पाऊस, २९.५ ला बदल, ३० ला उघडीप. पुण्यात टांगलेल्या अशा बॅरोमीटरचा पारा भर उन्हाळ्यातही २८ च्या आसपास, म्हणजे ‘वादळा’पाशीच असतो. लोक त्याला बिघडलेला समजतात. खरं तर तो अगदी बरोबर सांगत असतो.

ते शब्द समुद्रसपाटीवरच्या इंग्लंडसाठी लिहिलेले आहेत. पुणे सुमारे ५६० मीटर उंचावर आहे, त्यामुळे डोक्यावरची हवा कमी आणि पारा मुंबईपेक्षा जवळजवळ १.९ इंच खाली. महाबळेश्वरला तर तो पट्टीच्याही खाली जाईल. म्हणून शब्द सोडून द्यावेत, आकडा वाचावा आणि कालच्या त्याच वेळच्या आकड्याशी ताडून पाहावा. ‘त्याच वेळच्या’ हे महत्त्वाचं, कारण आपल्याकडे हवेचा दाब सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारला सुमारे एक दशांश इंच उतरतो. हा उतार रोजचाच; त्याने पावसाची चाहूल लागत नाही.

वाचण्याआधी पेटीवर बोटाने हलकेच टिचकी मारावी, म्हणजे काचेला चिकटलेला पारा मोकळा होतो. पाऱ्याचा माथा फुगीर असतो. डोळा त्याच्या पातळीवर आणून व्हर्निअरची खालची कड त्या फुगवट्याला जेमतेम टेकवावी.

नळीत हवा शिरली असेल, तर पारा खरोखरच खोटं बोलतो. पेटी सावकाश, फार सावकाश, तिरकी करावी. पारा वरच्या टोकाला ‘टक्’ असा स्वच्छ आवाज करून भिडला, तर वरची पोकळी शाबूत आहे. आवाज बोदा आला किंवा बुडबुडा उरला, तर काम जाणकाराचं आहे. झटक्याने तिरकी केली, तर हाच पारा काच फोडतो, पाण्याच्या १३.६ पट जड असतो तो. तबकडीवरचा चांदीचा मुलामा अतिशय पातळ असतो, त्यामुळे चिंच किंवा पितळ उजळायची पावडर तिला लावू नये.

पारा सांडलाच, तर मुलांना आणि पाळीव प्राण्यांना बाहेर काढा, पंखा आणि एसी बंद करा, खिडक्या उघडा. हातातली सोन्याची अंगठी काढा, पारा सोन्यात मुरतो. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर अजिबात नको. त्याने थेंब फुटून वाफ वाढते. जमिनीलगत टॉर्च धरला की बारीक थेंब चमकतात. ते ताठ कागदाने एकत्र करून, ड्रॉपरने उचलून घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. बेसिनमध्ये किंवा कचऱ्यात टाकू नका. घातक कचरा स्वीकारणाऱ्यांकडेच द्या. आणि असा बॅरोमीटर विमानाच्या सामानात कधीही घालू नका : पारा ॲल्युमिनियम पोखरतो.