नॉन-बीटीच्या त्या पाच ओळी

बीटी कपाशीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत बरीच वर्षं 120 ग्रॅमची आणखी एक पुडी मिळत असे. तिच्यात नॉन-बीटी बियाणं असायचं. शेताच्या कडेने त्याच्या पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या 20 टक्के, यांपैकी जे जास्त भरेल तेवढं ते लावायचं, असा नियम होता. बहुतेकांनी ती पुडी कधी पेरलीच नाही. चांगल्या जमिनीत अळीसाठी पीक का लावायचं, हा शेतकऱ्याचा सवाल रास्तच होता. त्याचं उत्तर अळीच्या जनुकांत आहे आणि ते समजायला अवघड नाही.

बीटी कपाशीत मातीतल्या एका जिवाणूचं जनुक घातलेलं असतं. त्यामुळे झाडात ‘क्राय’ नावाचं प्रथिन तयार होतं. अळीने ते खाल्लं की ते तिच्या आतड्यातल्या पेशींना चिकटतं, पेशी फुटतात आणि अळी मरते. फार थोड्या अळ्यांमध्ये ही चिकटण्याची जागाच बदललेली असते. त्यांना हे विष बाधत नाही.

प्रत्येक अळीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. समजा, हजार प्रतींमागे एक प्रतिकारक आहे. मग दोन्ही प्रती प्रतिकारक असलेली अळी दहा लाखांत एखादीच सापडेल. एकच प्रतिकारक प्रत असलेल्या, म्हणजे मिश्र अळ्या मात्र दहा लाखांत सुमारे दोन हजार असतील. झाडात विषाची मात्रा भरपूर असली तर या मिश्र अळ्याही मरतात, कारण त्यांची दुसरी प्रत साधी असते. वाचते ती फक्त दुहेरी प्रतिकारक अळी.

आता प्रश्न एवढाच उरतो, की त्या वाचलेल्या अळीचा पतंग जोडीदार कुठून मिळवणार? सगळीकडे बीटीच असेल तर आजूबाजूला वाचलेले पतंगही तिच्यासारखेच असतात. त्यांची सगळी पिल्लं दुहेरी प्रतिकारक निपजतात आणि काही पिढ्यांत बीटी निकामी होतं. पण कडेच्या नॉन-बीटी ओळींतून शेकडो साधे पतंग उडत असतील, तर त्या एकट्या पतंगाची गाठ त्यांच्यापैकीच कुणाशी तरी पडण्याची शक्यता फार मोठी. त्या जोडीची सगळी पिल्लं मिश्र होतात आणि बीटी बोंड खाऊन मरतात. त्या ओळी असतात त्या हे साधे जोडीदार पुरवण्यासाठी.

भारतात हे गणित शेंदरी बोंडअळीने मोडलं. हिरवी बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो अशा कितीतरी पिकांवर जगते, त्यामुळे तिला आयताच आश्रय मिळतो. शेंदरी अळीचं पोट मात्र जवळजवळ पूर्णपणे कपाशीवर. नॉन-बीटी कपाशी नाही, तर साधे पतंगही नाहीत. देशात बीटी कपाशी 2002 साली आली. 2010 मध्ये गुजरातमधल्या शेंदरी अळीने पहिल्या क्राय प्रथिनाला दाद न दिल्याचं जाहीर झालं. 2006 पासून आलेल्या दोन जनुकांच्या वाणालाही पुढे ती पचवू लागली आणि 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातल्या बोंडांची तिने वाट लावली.

नियम न पाळणं हेच एक कारण नव्हतं. आपल्याकडचे वाण संकरित आहेत. संकरित झाडाच्या बोंडातल्या सगळ्या सरक्यांमध्ये बीटी जनुक सारखं उतरत नाही, काही सरक्या विषाशिवायच राहतात. शेंदरी अळी तर सरकीच खाते. शिवाय दीर्घ मुदतीच्या पिकात शेवटी शेवटी विष कमी होतं. अशा वेळी मिश्र अळ्याही वाचतात, आणि मिश्र अळ्या वाचू लागल्या की आश्रय ओळींचा हिशेबच बिघडतो. फरदड घेतली की ही संधी आणखी वाढते.

चीनच्या यांगत्से खोऱ्यात उलटं घडलं. तिथले शेतकरी स्वस्त पडतं म्हणून संकरित बीटीच्या दुसऱ्या पिढीचं बियाणं पेरू लागले. आनुवंशिकतेच्या नियमाने त्यातली साधारण चौथा हिस्सा झाडं नॉन-बीटी निघाली. कुणी न ठरवता शेतभर आश्रय मिसळला गेला आणि तिथल्या शेंदरी अळीतली वाढलेली प्रतिकारशक्ती 2010 ते 2015 दरम्यान पुन्हा खाली आली.

आपल्याकडे आता आश्रयाचं बियाणं वेगळ्या पुडीत देण्याऐवजी बीटीच्याच पाकिटात 5 ते 10 टक्के मिसळून देण्याची सोय आहे. पेरायचं की नाही हा निर्णय त्यामुळे शेतकऱ्यावर राहत नाही. पण प्रतिकारक प्रती आता दुर्मीळ राहिलेल्या नाहीत, त्यामुळे एवढ्यावर भागणार नाही. फुलं लागली की डोमकळ्या शोधून तोडून नष्ट करा, कामगंध सापळ्यांतले पतंग मोजत राहा आणि फरदडीच्या मोहात न पडता डिसेंबरअखेर शेत मोकळं करा.