उद्योगाची उजळणी : लेखांक 9
तारेची कंपनी पंखा का करते?

औंढा किंवा वसमतकडे बोअरमध्ये पाणबुडी मोटर सोडताना तिच्यासोबत तीन पदरी चपटी केबल जाते. केसिंग आणि मोटर यांच्यातल्या अरुंद फटीत मावावी म्हणून ती चपटी असते. ती वर्षानुवर्षे पाण्यात राहते. आवरणात टाचणीच्या टोकाएवढं छिद्र राहिलं, तरी पाणी तांब्यापर्यंत पोचतं आणि मोटर वर काढावी लागते.

सी. के. प्रल्हाद आणि गॅरी हॅमेल यांनी 1990 साली कंपनीचं मूळ कौशल्य ओळखण्याच्या तीन कसोट्या मांडल्या. ते अनेक बाजारांचं दार उघडतं का? ग्राहकाला मिळणाऱ्या लाभात त्याचा मोठा वाटा आहे का? आणि इतरांना त्याची नक्कल करणं अवघड आहे का? अशा केबल करणाऱ्या, पुण्यात 1958 साली सुरू झालेल्या फिनोलेक्सला या कसोट्या लावून पाहू.

तांबं पहिल्या दोन कसोट्यांवर उतरतं, तिसरीवर नाही. अडीच चौरस मिलिमीटरच्या लवचिक तारेचा रोध 20 अंशांना किलोमीटरला 7.98 ओहमपेक्षा जास्त नसावा, म्हणजे 90 मीटरच्या गुंडाळीला सुमारे 0.72 ओहम. हे मीटरवर मोजता येतं, त्यामुळे प्रामाणिक असलेला कुठलाही कारखानदार ते साधू शकतो.

आवरणाचं तसं नाही. पीव्हीसी राळेत मऊपणा आणणारं द्रव्य, स्थिरक आणि खडूची भुकटी किती घालायची, हे मिश्रण जमावं लागतं. भुकटी वाढवली की माल स्वस्त होतो, पण आवरण ठिसूळ होतं. मिश्रणात ओल राहिली तर बारीक पोकळ्या पडतात. एक्स्ट्रूडरचं तापमान चुकलं, साचा जरा सरकला, की तार मध्यभागी राहत नाही आणि एका बाजूचं आवरण पातळ होतं. यंत्र कुणालाही विकत घेता येतं; हे जमलेले हात विकत मिळत नाहीत. माझ्या मते खरं कौशल्य इथे आहे.

आता नवी उत्पादनं तपासू. पाणबुडी केबल हा तर या कौशल्याचा थेट विस्तार आहे. पाइपाचं प्रकरण जास्त विचार करायला लावतं. 1981 साली याच समूहात फिनोलेक्स इंडस्ट्रीज उभी राहिली आणि शेतीचे पाइप करू लागली. कडक पाइपात मऊपणा आणणारं द्रव्य लागत नाही, म्हणजे केबलचं मिश्रण जसंच्या तसं चालत नाही. पण पीव्हीसी वितळवून सगळीकडे सारख्या जाडीचं बाहेर काढण्याचं ज्ञान दोन्हीकडे लागतं. शिवाय 1994 च्या सुमारास समूहाने रत्नागिरीजवळ राळेचाच कारखाना काढला, तेव्हा कच्च्या मालावरही पकड आली.

फिनोलेक्सच्या नावाने पंखेही विकले जातात. पंख्याची जान मोटरीच्या वाइंडिंगमध्ये आणि पात्यांच्या तोलात असते. तिथे आवरणाचं ज्ञान फारसं उपयोगी पडत नाही. कामाला येतं ते नाव आणि दुकानदारांचं जाळं. धंद्याला त्याचा फायदा आहेच, पण तेवढं अनेक कंपन्यांकडे असतं. त्यामुळे या कसोट्यांवर पाइप उतरतो आणि पंखा उतरत नाही.

हिंगोली, कळमनुरीत मोटर वाइंडिंगची कामं करणाऱ्यांनीही नवा माल काढण्याआधी हे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. तिसरा सगळ्यात आधी विचारावा.