एक शर्ट, अठ्ठ्याऐंशी चौकटी

सोलापुरात शाळांचे गणवेश शिवणारे बरेच कारखाने आहेत. त्यातला एखादा साधा हाफ शर्ट घ्या. साइज 22 पासून 42 पर्यंत, दोन-दोनच्या टप्प्याने, म्हणजे अकरा. रंग आठ: पांढरा, आकाशी, क्रीम वगैरे. एकाच शर्टाचे 88 प्रकार झाले. असे तीस नमुने असले तर 2640. खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र ठेवणाऱ्या ईआरपी प्रणालीत या प्रत्येकाला हाताने वेगळा कोड द्यायचा ठरवलं, की दोन-तीन हंगामांत कोणता कोड कशाचा हे फक्त स्टोअरकीपरलाच ठाऊक असतं. तो रजेवर गेला की गाडी अडते.

यावरचा उपाय म्हणजे व्हेरियंट मॅट्रिक्स. मुंबईत तयार झालेल्या ईआरपीनेक्स्टमध्ये ते कसं चालतं पाहू. शर्टाचं एकच मूळ कार्ड काढायचं आणि त्यावर `Has Variants` या खुणेवर टिक करायची. रंग आणि साइज हे त्याचे दोन गुणधर्म. साइज आकड्यात असल्याने 22 ते 42, टप्पा 2 एवढं सांगितलं की पुरतं. रंगांना छोटी अक्षरं द्यायची, आकाशीला SKY. मग कोड प्रणाली स्वतः जोडते: `HSH-SKY-32`.

म्हणजे कोड नाहीसे होत नाहीत. साठा अजूनही प्रत्येक रंग-साइजचा वेगळाच मोजला जातो, आणि तो तसाच मोजायला हवा. बत्तीसचा शर्ट मागणाऱ्याला अडतीसचा देऊन भागत नाही. वाचतं ते कोड रचण्याचं आणि तीच माहिती 88 वेळा भरण्याचं काम. एचएसएन क्रमांक, एकक, वर्णन मूळ कार्डावर एकदाच लिहायचं. शिवाय जोड्या सगळ्या बनवायची सक्तीही नाही. क्रीम रंग फक्त बालवाडीला जात असेल, तर क्रीममधला 42 जन्मालाच घालू नये. सगळ्या चौकटी एका झटक्यात भरण्याचा मोह आवरला नाही, तर शून्य साठ्याच्या शेकडो ओळी अहवालात कायमच्या मुक्काम करतात.

गुणधर्म कशाला करायचा, हा खरा कसोटीचा प्रश्न. बाही हाफ की फुल? माझं मत असं, की पॅटर्नच बदलत असेल तर ते वेगळं मूळ कार्ड असावं. शाळेचा बिल्ला तर गुणधर्म करूच नये. पन्नास शाळा म्हटल्या, की 88 चे 4400 झाले. साधा शर्ट साठ्यात ठेवावा आणि बिल्ला ऑर्डर आल्यावर लावावा.

साइजमुळे मात्र एक खोच येते, ती कापडाची. व्हेरियंटला स्वतःची कच्च्या मालाची यादी, म्हणजे बीओएम, नसली तर ईआरपीनेक्स्ट मूळ कार्डाची यादी वापरतं. समजा, तिथे सरासरी म्हणून शर्टामागे 1.10 मीटर कापड लिहिलंय. मिश्र साइजच्या ऑर्डरला ते चालून जातं. पण एखाद्या ज्युनिअर कॉलेजची 600 शर्टांची ऑर्डर आली, सगळे 36 ते 42. प्रणाली 660 मीटर मागवते. मास्टरच्या हिशेबाने मोठ्या साइजला 1.40 मीटर लागतं, म्हणजे 840. कटिंग टेबलावर 180 मीटर कमी पडतं, आणि त्याच शेडचं कापड पुन्हा मिळेलच याची खात्री नसते. निदान लहान, मधल्या आणि मोठ्या अशा तीन गटांसाठी तरी कापडाचे तीन वेगळे आकडे काढून त्या त्या व्हेरियंटच्या बीओएममध्ये घालावेत.

दुसरा नेहमीचा घोळ नावांचा. एकाने ‘नेव्ही’ भरलं, दुसऱ्याने ‘नेव्ही ब्लू’, तिसऱ्याने ‘डार्क ब्लू’. माल एकाच रॅकवर, संगणकात तीन ठिकाणी. विक्रीवाला 34 साइजचे 40 नग मागतो, संगणक 15 च दाखवतो आणि उरलेले 25 शेजारच्या रंगात पडून असतात. साठ्याचा तक्ता रंग आडवे, साइज उभे असा मांडला की हे चटकन दिसतं: जवळपास सारख्या नावाचे दोन स्तंभ आणि दोन्ही अर्धवट भरलेले. नवा रंग भरायचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवला, की हा त्रास बराच आटोक्यात येतो.

जुने कोड असलेल्यांची अडचण निराळी. ज्या आयटमवर साठ्याचे व्यवहार झालेत, त्याला ईआरपीनेक्स्ट नंतर मूळ कार्ड करू देत नाही. त्यामुळे कार्ड नवीनच काढावं लागतं. जूनची गर्दी ओसरल्यावर प्रत्यक्ष माल मोजावा, जुन्या कोडवरचा साठा `Repack` नोंदीने नव्या व्हेरियंटवर आणावा आणि जुना कोड बंद करावा, पुसू नये. गेल्या वर्षीची बिलं त्याच कोडवर फाडलेली असतात.