रिकाम्या चौकटीचं नाव

बारावीच्या सराव परीक्षेची एक झेरॉक्स प्रत गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीनं माझ्यापुढे ठेवली. 'खालील संयुगाचे आययूपीएसी नाव लिहा' असं छापलेलं होतं आणि खाली चौकट होती, पण ती रिकामी. प्रश्नपेढीतून मजकूर उचलताना शब्द आले आणि आकृती मागेच राहिली, हे उघड दिसत होतं. संरचनेच्या आकृत्या बहुधा वेगळ्या चित्रासारख्या चिकटवलेल्या असतात. मजकूर दुसऱ्या फाइलमध्ये नेला की त्या गळून पडतात. वर्गातल्या बाकीच्या मुलांनी तो प्रश्न सोडून दिला होता. हिनं मात्र विचारलं, "सर, चित्र नाही, पण वर एवढं लिहिलंय. त्यावरून काहीच कळणार नाही का?"

प्रश्नात एवढंच वाक्य असतं, तर उत्तर 'नाही' असंच होतं. पण या प्रश्नात पुढेही मजकूर होता. संयुगाचं रेणुसूत्र C5H10O. ते २,४-डायनायट्रोफेनिल हायड्रॅझिनबरोबर नारिंगी अवक्षेप देतं. टॉलेन्स अभिकारकाबरोबर रुपेरी आरसा देत नाही. आयोडीन आणि सोडिअम हायड्रॉक्साइडबरोबर पिवळा अवक्षेप देतं. झिंक अमाल्गम आणि संहत हायड्रोक्लोरिक आम्लानं क्षपण केलं की सरळ शृंखलेचं पेंटेन मिळतं.

पहिलं काम रेणुसूत्र वाचण्याचं. पाच कार्बनच्या, वलय नसलेल्या संपृक्त संयुगात बारा हायड्रोजन लागतात, आणि ऑक्सिजन आला तरी हा आकडा बदलत नाही, कारण त्याची संयुजा दोन आहे. इथे दहाच हायड्रोजन आहेत, म्हणजे दोन कमी. एक दुहेरी बंध किंवा एक वलय, यांपैकी काहीतरी एकच असणार. तो दुहेरी बंध कार्बन आणि ऑक्सिजनमध्ये असू शकतो, तसा दोन कार्बनमध्येही असू शकतो. मग अल्डिहाइड, कीटोन, असंपृक्त अल्कोहोल, सायक्लोपेंटॅनॉल, वेगवेगळे ईथर, असे कितीतरी दावेदार उभे राहतात. प्रश्नात रेणुसूत्राऐवजी नुसतं रेणुवस्तुमान ८६ दिलं असतं, तर पंचाईत याहून मोठी होती, कारण हेक्झेनचं रेणुवस्तुमानही ८६ च आहे.

आता नारिंगी अवक्षेप. तो देणारा अभिकारक अल्डिहाइड आणि कीटोन यांच्या कार्बोनिल गटाशी अभिक्रिया करतो, म्हणून सूत्रातली ती एकमेव असंपृक्तता C=O मध्येच खर्च झाली. याचा अर्थ वलय नाही आणि दोन कार्बनमध्ये दुहेरी बंधही नाही. गर्दी एकदम ओसरते आणि सात संरचना उरतात. त्यांत चार अल्डिहाइड आहेत: पेंटॅनाल, २-मिथिलब्युटॅनाल, ३-मिथिलब्युटॅनाल आणि २,२-डायमिथिलप्रोपॅनाल. कीटोन तीन आहेत: पेंटॅन-२-ओन, पेंटॅन-३-ओन आणि ३-मिथिलब्युटॅन-२-ओन. हे सातही जण कागदावर काढून ठेवावेत असा माझा आग्रह असतो. मनातल्या मनात गाळत गेलं की हमखास एखादा निसटतो, आणि निसटतो तो बहुतेक वेळा शाखा असलेलाच.

रुपेरी आरसा पडत नाही, म्हणजे अल्डिहाइड नाही. चार गेले, तीन राहिले.

क्षपणाची ओळ मुलं घाईत वाचतात, पण कार्बनचा सांगाडा सांगणारी संपूर्ण प्रश्नात ती एकच ओळ आहे. हे क्लेमेन्सन क्षपण. त्यात कार्बोनिलचा ऑक्सिजन निघून जातो आणि त्या जागी CH2 येतो, सांगाडा जसाच्या तसा राहतो. ३-मिथिलब्युटॅन-२-ओनपासून २-मिथिलब्युटेन मिळालं असतं. इथे सरळ पेंटेन मिळालं, म्हणून शाखेचा कीटोन बाद. आता पेंटॅन-२-ओन आणि पेंटॅन-३-ओन हे दोघेच उरले, आणि क्षपणाच्या कसोटीवर दोघंही सारखेच उतरतात.

त्यांच्यातला फरक पिवळ्या अवक्षेपातून कळतो. तो आयोडोफॉर्मचा, CHI3 चा. कार्बोनिलला थेट जोडलेला मिथिल गट असेल, तर त्याचे तिन्ही हायड्रोजन जाऊन आयोडीन येतं आणि मग तो गट तुटून आयोडोफॉर्म म्हणून खाली बसतो. पेंटॅन-३-ओनमध्ये कार्बोनिलच्या दोन्ही बाजूंना एथिल गट आहेत, तिथे हे घडत नाही. म्हणून चौकटीत हवा असलेला रेणू CH3COCH2CH2CH3.

नाव देताना पाच कार्बनची शृंखला दोन्ही टोकांकडून मोजून पाहायची. एकीकडून कार्बोनिलला २ मिळतो, दुसरीकडून ४. लहान अंक घ्यायचा, म्हणून पेंटॅन-२-ओन. जुन्या पुस्तकांत हेच २-पेंटॅनोन असं दिसेल. संयुग तेच आहे, अंक मात्र आता ज्या प्रत्ययाचा असतो त्याच्या शेजारी लिहितात.

यातली एखादी ओळही आकृतीसारखी गळाली असती तर? ही तालीम मी त्या मुलीकडून तिथेच करून घेतली. आयोडोफॉर्मची ओळ झाकली, तर दोन नावं उरतात आणि प्रामाणिक उत्तर दोन्ही लिहिण्याचंच आहे. नारिंगी अवक्षेपाची आणि क्षपणाची अशा दोन्ही ओळी झाकल्या, तर जास्त फसगत होते. पेंट-४-ईन-२-ऑल या अल्कोहोलचं रेणुसूत्रही C5H10O च आहे. त्यात CH3CH(OH) हा गट असल्यानं तेही आयोडोफॉर्म देतं आणि रुपेरी आरसा देत नाही. पिवळा अवक्षेप दिसला की मिथिल कीटोन, असं पाठ केलेला विद्यार्थी नेमका इथे चुकतो.

तिनं मग त्या सात जणांकडे पाहत विचारलं की प्रश्नात 'हे संयुग ध्रुवित प्रकाशाचे प्रतल वळवते' एवढंच असतं तर? प्रश्न फार चांगला होता. सातांपैकी २-मिथिलब्युटॅनाल या एकाच रेणूत असा कार्बन आहे, ज्याला चार वेगवेगळे गट जोडलेले आहेत: हायड्रोजन, मिथिल, एथिल आणि CHO. म्हणजे एका ओळीत संरचना हाती आली. तरी नाव पूर्ण होत नाही. त्याची दोन आरसा-प्रतिमा रूपं असतात, आर आणि एस, आणि त्यांतलं कोणतं हे चार गटांच्या अवकाशातल्या मांडणीवरून ठरतं. प्रकाश उजवीकडे वळतो असं प्रश्नात सांगितलं, तरी त्यावरून आर की एस हे काढता येत नाही. दिशा प्रयोगातून मिळते, आर-एस ही अक्षरं मांडणीतून, आणि दोहोंना जोडणारा सरळ नियम नाही. हा तपशील फक्त आकृतीतल्या जाड आणि तुटक रेषांमध्ये असतो. आकृती हरवली की तोही हरवतो, आणि तो अंदाजानं भरू नये.

शेवटी उत्तराची उलट तपासणी. नावावरून संरचना पुन्हा काढायची, अणू मोजायचे आणि प्रश्नातली प्रत्येक ओळ तिला लावून पाहायची. १८९२ साली जिनिव्हात सेंद्रिय संयुगांच्या पद्धतशीर नामकरणाचे नियम ठरले. पद्धतशीर नावावरून संरचना काढता यावी, हाच अशा नियमांचा उपयोग. पेंटॅन-२-ओन काढून पाहिलं, तर पाच कार्बन, दहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन भरतात आणि चारही कसोट्या जुळतात.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती. आकृतीखाली CH3COCH2CH2CH3 असं संक्षिप्त संरचना सूत्र टाइप करून ठेवा, आणि मांडणी महत्त्वाची असेल तिथे आर किंवा एस हे उत्तरसूचीत शब्दांत लिहा. फाइल कितीही वेळा इकडून तिकडे गेली, तरी टाइप केलेली ओळ मजकुरासोबतच जाते.