मदतीचा अर्ज भरताना

समजा, सातारा जिल्ह्यातल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला अप्लास्टिक अॅनिमिया झाला आहे. या आजारात अस्थिमज्जा पुरेसं रक्त तयार करत नाही. मोठ्या बहिणीची अस्थिमज्जा त्याच्याशी जुळली आहे आणि पुण्यातल्या हॉस्पिटलने प्रत्यारोपणाचा खर्च 12 लाख रुपये सांगितला आहे. मिलाप, केटो, इम्पॅक्टगुरू यांसारख्या मंचावर मोहीम सुरू करायचं घरात ठरतं. मामा मोबाइलवर अर्ज उघडतो आणि ‘किती रक्कम हवी?’ या रकान्यात 12 लाख लिहायला जातो. त्याने इथे जरा थांबायला हवं.

आधी एस्टिमेट हातात हवं. डॉक्टरांनी राउंडच्या वेळी तोंडी सांगितलेला आकडा पडताळणीत चालत नाही. हॉस्पिटलच्या लेटरहेडवर रुग्णाचं नाव, नोंदणी क्रमांक, निदान, उपचार, रक्कम आणि तारीख असावी. खाली डॉक्टरांची सही आणि हॉस्पिटलचा शिक्का. एस्टिमेटच्या तळाशी बहुधा बारीक अक्षरांत एक ओळ असते. काय काय धरलेलं नाही, हे तिथे लिहिलेलं असतं: संसर्ग झाला तर लागणारी महागडी औषधं, ठरल्यापेक्षा जास्त दिवसांचा मुक्काम, डिस्चार्जनंतरच्या तपासण्या. ही ओळ वाचून बिलिंग काउंटरवर शंका विचाराव्यात.

आता हिशेब. विम्याचे 3 लाख मंजूर आहेत आणि घरची दीड लाखाची शिल्लक आहे. म्हणजे 12 लाखांतले साडेसात लाख कमी पडतात. प्रत्यारोपणानंतर काही महिने हॉस्पिटलजवळ खोली घेऊन राहावं लागतं, औषधं चालू असतात. त्याचे 1 लाख 20 हजार धरले, तर गरज 8 लाख 70 हजारांची झाली. मंचाची फी आणि पेमेंटचं शुल्क मिळून समजा 6 टक्के कापले जाणार असतील, तर मागायची रक्कम साधारण सव्वानऊ लाख होते. एस्टिमेट 12 लाखांचं असूनही मागणी सव्वानऊ लाखांची का, हे मोहिमेच्या पानावर याच क्रमाने लिहावं. देणाऱ्याला नेमकं हेच जाणून घ्यायचं असतं.

त्याआधी हॉस्पिटलच्या समाजसेवकांना भेटायला विसरू नये. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, आणि हॉस्पिटल धर्मादाय असेल तर निर्धन व दुर्बल घटकांसाठी राखीव असलेल्या प्रत्येकी 10 टक्के खाटांपैकी एखादी मिळेल का, हे तिथे कळतं. मंजुरी मिळाली तर मागणीचा आकडा तेवढा खाली येतो.

अर्जातला सगळ्यात घोळाचा भाग लाभार्थीचा. अर्ज भरणारा मामा, उपचार घेणारा भाचा आणि खातेदार आई अशी तिन्ही माणसं वेगळी असू शकतात. त्यांचं नातं कागदावर दिसायला हवं. मुलाचा जन्मदाखला किंवा रेशनकार्ड त्यासाठी उपयोगी पडतं. आधारवर वडिलांचं नाव आहे आणि केसपेपरवर नाही, किंवा आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी आहे, एवढ्यावरूनही पडताळणी थांबू शकते. केसपेपरवरची दुरुस्ती दाखल होतानाच करून घेतलेली बरी.

खातंही तपासावं. पुरेशा कागदपत्रांशिवाय उघडलेल्या ‘स्मॉल अकाउंट’मध्ये वर्षभरात 1 लाखापेक्षा जास्त रक्कम जमा होऊ शकत नाही आणि शिल्लक 50 हजारांच्या वर ठेवता येत नाही. आईचं खातं तसं असेल, तर मोहीम सुरू करण्याआधी बँकेत जाऊन केवायसी पूर्ण करावं. मंचाकडून रक्कम थेट हॉस्पिटलला पाठवायची सोय असेल तर ती निवडावी. मात्र खोलीभाडं आणि बाहेरच्या औषधांसाठी घरच्या खात्यात किती लागेल, ते सुरुवातीलाच सांगावं.

मग हकिगत. ‘माझ्या बाळाकडे फक्त 48 तास आहेत’ असं डॉक्टरांनी सांगितलेलं नसेल, तर ते लिहू नये. त्याऐवजी असं लिहिता येतं: ‘जूनमध्ये अंगावर निळे डाग दिसू लागले. तपासणीत अप्लास्टिक अॅनिमियाचं निदान झालं. सध्या त्याला वरचेवर रक्त आणि प्लेटलेट्स द्याव्या लागतात. वडील रिक्षा चालवतात, आई शिवणकाम करते. विम्याचे 3 लाख मिळणार आहेत.’ यातलं प्रत्येक वाक्य कागदाशी ताडून पाहता येतं, आणि दूरच्या गावी बसलेल्या माणसालाही घर डोळ्यांसमोर दिसतं. विमा लपवला आणि तो नंतर बिलावर दिसला, तर आधी ज्यांनी दिलं तेही दुरावतात. आजारी मुलाचा फोटो टाकायचा की नाही, हे आईवडिलांनी ठरवावं. तो पुढे अनेक वर्षं इंटरनेटवर राहू शकतो. रिपोर्ट अपलोड करताना पत्ता, फोन आणि आधार क्रमांक झाकावेत.

मोहीम सुरू झाल्यावर ‘लवकर पैसे जमवून देतो, आधी फी भरा’ असे फोन आले, तर पैसे भरू नयेत आणि ओटीपी सांगू नये. खर्च बदलला तर नवं एस्टिमेट आणून पानावर टाकावं. पैसे उरले किंवा उपचारच थांबले, तर ती रक्कम कुठे जाईल, हा मंचाचा नियम अर्ज पाठवण्याआधीच वाचून घ्यावा आणि देणाऱ्यांना तो हकिगतीच्या शेवटी स्पष्ट सांगावा.